पद्धतीपुरताच सारांश: उस्मानाबादच्या एका चाचणीचे प्रकरण

सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या एम.एस्सी.च्या वर्गाला मी संशोधनपद्धती शिकवते. दर शनिवारी आमच्याकडे एका लेखाचे वाचन होते. एक विद्यार्थिनी लेखाचा सारांश लिहून आणते, बाकीच्या तो वाचतात आणि मग चर्चा होते. या सत्रात मी एक बदल केला. सारांश फक्त पद्धतीचा लिहायचा. निष्कर्ष नाहीत, चर्चा नाही, शिफारशी नाहीत. तो वाचून बाकीच्या आठजणींनी ठरवायचे की अभ्यासाची रचना भरवशाची आहे का, आणि असेल तर कोणत्या प्रश्नापुरती.

पहिला लेख मी मुद्दाम आपल्या मातीतला निवडला. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा, इथे १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. प्रमुख लेखक डॉ. आर. शंकरनारायणन. २००९ साली ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी; पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे; आणि व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे, या तिन्ही तपासण्या एकाच जिल्ह्यात, एकाच वेळी, तपासणी न केलेल्या गटाशी ताडून पाहणारा हा अभ्यास आहे. आमच्या मुली उद्या ज्या उपकेंद्रांत काम करणार आहेत, तिथल्याच बायकांचा हा विषय.

सारांशाचे काम जिच्याकडे आले ती विद्यार्थिनी स्वतः सहा वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका-सुईण, होती. शिबिर कसे लागते, बायका कशा येतात, कशा येत नाहीत, हे तिने पाहिलेले. त्यामुळे ती चांगलेच लिहील असे मला वाटले होते. तिच्या पहिल्या मसुद्यातला मुख्य भाग असा होता:

“या अभ्यासात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने निवड करून चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांची तपासणी करण्यात आली व नियंत्रण गटाला कोणतीही सेवा देण्यात आली नाही. पॉझिटिव्ह स्त्रियांवर उपचार करण्यात आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातील मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. प्रचंड मोठा नमुना व दीर्घ पाठपुरावा यांमुळे अभ्यासाची रचना अत्यंत सक्षम आहे.”

भाषा स्वच्छ आहे, आकडा बरोबर आहे. तरीही हा परिच्छेद वाचून रचनेबद्दल काहीच ठरवता येत नाही. का, ते आम्ही दोघींनी लेख समोर ठेवून एकेक वाक्य तपासत शोधले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

विभागणी कशाची झाली?

सर्वांत मोठी चूक पहिल्याच वाक्यात आहे आणि ती सहज होण्यासारखी आहे. स्त्रियांची विभागणी झालीच नव्हती. विभागणी झाली ती गावांच्या ५२ समूहांची. प्रत्येक गटाच्या वाट्याला १३ समूह आले आणि त्या समूहांतल्या पात्र स्त्रिया आपोआप त्या गटात गेल्या. एचपीव्ही गटात ३४,१२६, पॅप स्मिअर गटात ३२,०५८, व्हीआयए गटात ३४,०७४ आणि नियंत्रण गटात ३१,४८८.

ती म्हणाली, “मॅडम, पण शेवटी मोजल्या तर बायकाच ना?”

हो, मोजल्या बायकाच. पण चिठ्ठी पडली ती गावसमूहाच्या नावाने. एका समूहातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. त्यांचे दवाखान्यापासूनचे अंतर सारखे, लग्नाचे वय जवळपास सारखे, गावातली एएनएम एकच, बार्शीला जाणारी एसटीही एकच. म्हणून त्याच समूहातली आणखी एक बाई धरली तरी माहितीत पूर्ण एका बाईची भर पडत नाही. किती कमी पडते याचा हिशोब करायचे एक साधे सूत्र आहे. नमुना जितक्या पटीने मोठा लागेल तो आकडा `1 + (m − 1) × ρ` इतका असतो. यात m म्हणजे एका समूहातल्या सरासरी व्यक्ती आणि ρ म्हणजे समूहातल्या व्यक्ती एकमेकींशी किती मिळत्याजुळत्या आहेत याचे माप.

आम्ही फळ्यावर करून पाहिले. १,३१,७४६ ला ५२ ने भागले की एका समूहात सरासरी सुमारे २,५३४ स्त्रिया येतात. ρ आम्ही केवळ उदाहरणासाठी ०.००१ धरला, म्हणजे दिसायला अगदी नगण्य. उत्तर आले सुमारे ३.५. याचा अर्थ, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या या नमुन्याची ताकद सुट्या सुट्या विभागलेल्या सुमारे ३७,३०० स्त्रियांइतकी. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूसारख्या विरळ घटनेत ρ याहून बराच लहान असू शकतो. तो ०.०००१ धरला तर पट १.२५ येते आणि ताकद १,०५,००० स्त्रियांपर्यंत चढते. ρ मध्ये इतकासा फरक आणि उत्तरात एवढे अंतर! म्हणून सारांशात “१,३१,७४६ स्त्रिया” एवढेच लिहिले तर वाचणारीला चुकीचा दिलासा मिळतो. “५२ समूह, गटागणिक १३” हे लिहायलाच हवे, आणि आकडेमोड करताना समूहरचना हिशोबात घेतली का, हेही. या अभ्यासात ती घेतलेली आहे.

१३ हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा. नाणे तेराच वेळा उडवले तर छाप-काटा जवळपास समसमान पडतीलच असे नाही. तसेच तेरा-तेरा समूह वाटले तर एखाद्या गटाला योगायोगाने जास्त शिकलेली किंवा तालुक्याच्या जवळची गावे मिळू शकतात. म्हणून सुरुवातीला चारही गट वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती अशा बाबींत सारखे होते का, हे पाहावे लागते.

इथे तिने रास्त शंका काढली. गटांची सुरुवातीची तुलना लेखात निष्कर्षांच्या भागात छापलेली असते. मग पद्धतीच्या सारांशात ती घ्यायची कशी? मी तिला सांगितले, ‘पद्धती’ या शीर्षकाखाली जे छापले आहे तेवढीच पद्धती नसते. गटांची सुरुवातीची तुलना आणि किती जणी आल्या, किती गळाल्या हे दाखवणारी आकृती, या दोन गोष्टी नियमाने निष्कर्षांत छापल्या जात असल्या तरी त्या रचनेविषयी बोलतात. त्या घ्यायच्या. तपासणीने काय फरक पडला, हे मात्र घ्यायचे नाही. हद्द शीर्षकावर आखायची नाही, प्रश्नावर आखायची: ही माहिती ‘कसे मोजले’ ते सांगते, की ‘काय आढळले’ ते?

तिच्या पहिल्या वाक्यात अजून एक गफलत दडलेली होती, ‘यादृच्छिक पद्धतीने निवड’. आपल्याकडे ‘रँडम’ हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी सर्रास वापरतात आणि मराठीत लिहिताना दोन्हींचे ‘यादृच्छिक निवड’ होऊन जाते. निवड म्हणजे कोणाला अभ्यासात घ्यायचे. विभागणी म्हणजे घेतलेल्यांना कोणत्या गटात टाकायचे. उस्मानाबाद जिल्हा देशातून चिठ्ठी टाकून निवडलेला नव्हता. चिठ्ठी फक्त विभागणीला होती. निवड यादृच्छिक असेल तर निष्कर्ष बाहेरच्या लोकसंख्येला लावता येतो. विभागणी यादृच्छिक असेल तर गटांतला फरक तपासणीमुळेच पडला असे म्हणता येते. पहिले सामर्थ्य या अभ्यासाकडे नाही, दुसरे आहे. एका शब्दाच्या घोळाने वाचणारी दोन्ही देऊन बसते.

‘करण्यात आली’ कोणी?

दुसऱ्या संध्याकाळचा बराच वेळ एका क्रियापदावर गेला. तिच्या पाच वाक्यांत ‘करण्यात आली’, ‘करण्यात आले’, ‘देण्यात आली’ असे चार वेळा होते. आपल्या शासकीय परिपत्रकांची आणि प्रबंधांची ही भाषा आपल्या अंगवळणी पडली आहे. पण पद्धतीच्या सारांशात या क्रियापदाने मोठे नुकसान होते, कारण त्यात करणारा गायब होतो. आणि कोणी केले, हाच तर रचनेचा अर्धा भाग.

मी तिला सांगितले, प्रत्येक ‘करण्यात आली’ खोडा आणि तिथे कर्ता लिहा. कर्ता सापडला नाही तर लेखात परत जा. तिथेही सापडला नाही तर ‘लेखात सांगितलेले नाही’ असे स्पष्ट लिहा. ही तिसरी नोंद विद्यार्थी नेहमी टाळतात, आपल्यालाच सापडले नसेल या भीतीने. खरे तर वाचणारीला सर्वांत उपयोगी पडणारी नोंद तीच असते, कारण गाळलेली माहिती आणि न दिलेली माहिती सारांशात एकसारखीच दिसते.

‘तपासणी करण्यात आली’ मागचा कर्ता लेखात मिळाला. प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका-सुईणी. ही माहिती तिच्या पहिल्या मसुद्यात नव्हती, आणि स्वतः एएनएम राहिलेल्या बाईने ती गाळावी याचे मला वाईट वाटले. व्हीआयएमध्ये पाहणारीचा डोळा हेच यंत्र असते. पांढरा डाग खरा की सूज, हे तिलाच ठरवायचे असते. एचपीव्हीमध्ये परिचारिका फक्त नमुना घेते आणि निकाल प्रयोगशाळेतले यंत्र देते. पॅप स्मिअरमध्ये काच वाचायला प्रशिक्षित माणूस सूक्ष्मदर्शकाशी बसतो. म्हणजे तिन्ही तपासण्यांत कौशल्य वेगवेगळ्या जागी लागते. ते कोणाकडे होते आणि त्यांची तयारी कशी करून घेतली होती, हे कळल्याशिवाय त्या गटांकडे नीट पाहता येत नाही.

पुढची पायरीही तशीच. व्हीआयएचा निकाल तिथल्या तिथे कळतो. बाकी दोन्हींत नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निकाल नंतर येतो, म्हणजे बाईला पुन्हा गाठावे लागते. तिन्ही गटांत पॉझिटिव्ह आलेल्यांची कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी, गरजेप्रमाणे बायोप्सी आणि मग उपचार असा मार्ग ठरलेला होता. म्हणून अभ्यासात जे जोखले गेले ते नुसते किट किंवा नुसती काच नाही, बाईला बोलावण्यापासून तिच्या उपचारापर्यंतची अख्खी साखळी आहे. सारांशात ‘पॉझिटिव्ह स्त्रियांवर उपचार करण्यात आले’ एवढ्यावर ही साखळी संपवली की वाचणारीला वाटते, आलेली प्रत्येक बाई उपचारापर्यंत पोचली.

किती आल्या हेही लिहायला हवे. बोलावलेल्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे आठ जणींनी तपासणी करून घेतली. मग उरलेल्या दोघींचे काय? हिशोबात त्या कुठे धरल्या? त्यांना आपापल्या गटातच धरले आहे, तपासणी झालेली नसूनही. पहिल्यांदा ऐकताना हे विद्यार्थ्यांना चुकीचे वाटते. पण शिबिराला न येणाऱ्या बायका बऱ्याचदा जास्त गरीब, जास्त लांबच्या किंवा आधीच दुखणे अंगावर काढणाऱ्या असतात. त्यांना वगळून फक्त आलेल्यांची तुलना संपूर्ण नियंत्रण गटाशी केली, तर तपासणीत काही गुण नसतानाही ती गुणकारी दिसेल. चिठ्ठीने जी समानता मिळवली ती अशी वगळणी करून आपणच घालवतो. म्हणून ‘बोलावलेल्या सर्व स्त्रिया आपापल्या गटात मोजल्या’ हे वाक्य सारांशातले सर्वांत किमती वाक्य होते, आणि मसुद्यात ते नव्हतेच.

नियंत्रण गटाला काय मिळाले?

“कोणतीही सेवा देण्यात आली नाही” हे तिने समजुतीने लिहिले होते. लेखात तसे नाही. नियंत्रण गटातल्या स्त्रियांना आजाराची माहिती मिळाली, तपासणी कुठे मिळू शकते ते सांगितले गेले आणि नेहमीची आरोग्यसेवा चालू राहिली. अभ्यासाच्या वतीने तपासणी मात्र झाली नाही.

हा फरक रचनेच्या दृष्टीने आधी पाहू. नियंत्रण गटातल्या बऱ्याच बायकांनी माहिती ऐकून बाहेर तपासणी करून घेतली असती तर दोन्ही गटांतला फरक पुसट झाला असता. त्या काळी ग्रामीण उस्मानाबादेत अशी तपासणी जवळपास नव्हतीच, म्हणून तुलना स्वच्छ राहिली. पण तुलना स्वच्छ राहण्याचे कारण सेवेचा अभाव हे आहे, आणि त्यातूनच दुसरा प्रश्न उठतो. तपासणीचे काही मार्ग इतरत्र रूढ असताना ३१,४८८ स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का? यावरून पुढे देशात आणि बाहेर मोठा वाद झाला. विद्यार्थिनीने तो वाद सारांशात लिहावा असे मी म्हणत नाही. पण नियंत्रण गटाला नेमके काय मिळाले ते नेमक्या शब्दांत लिहावेच, कारण रचनेचा आणि नीतीचा, दोन्ही निवाडे त्या एका ओळीवर उभे आहेत. माझे स्वतःचे मत असे की नियंत्रण गटाशिवाय उत्तर मिळाले नसते, आणि तरीही अभ्यासाच्या शेवटी त्या गटाचे काय झाले हा प्रश्न प्रत्येक वाचकाने विचारलाच पाहिजे.

निकाल आणि विशेषणे

मसुद्यातली शेवटची दोन वाक्ये मी पूर्ण काढायला लावली. “मृत्यू निम्म्यावर आले” हे वाचल्यावर रचनेकडे कोणी संशयाने पाहत नाही. वर्गात मी हे वर्षानुवर्षे पाहत आले आहे. निकाल मनासारखा असला की पद्धतीतली भोके दिसत नाहीत, आणि मनाविरुद्ध असला की नसलेली दिसतात. आणि ‘प्रचंड’, ‘दीर्घ’, ‘अत्यंत सक्षम’ ही विशेषणे म्हणजे वाचणारीने करायचा निवाडा आपणच उरकून टाकणे. दीर्घ म्हणजे किती, ते लिहा: भरती १९९९ ते २००३, पाठपुरावा २००७ अखेरपर्यंत. आठ वर्षे ही मुदत दीर्घ की अपुरी, हे ज्या रोगाची बाधा ते कर्करोग हा प्रवास दहा-पंधरा वर्षांचा असतो, त्या रोगाच्या संदर्भात वाचणारी ठरवेल.

तिने दुसऱ्यांदा लिहून आणलेला सारांश साधारण असा होता. पानभर, आणि त्यात निवाडा करणारे एकही विशेषण नाही:

> प्रश्न: ग्रामीण भागात गर्भाशयमुखाची एकदाच केलेली तपासणी (एचपीव्ही, पॅप स्मिअर किंवा व्हीआयए) कर्करोगाचे प्रमाण आणि त्याने होणारे मृत्यू कमी करते का? तुलना नेहमीच्या सेवेशी.
>
> ठिकाण आणि स्त्रिया: उस्मानाबाद जिल्हा. वय ३० ते ५९, गर्भाशय शाबूत असलेल्या, गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वी न झालेल्या निरोगी स्त्रिया. जिल्हा सोयीने निवडला, चिठ्ठीने नाही.
>
> विभागणी: गावांचे ५२ समूह चिठ्ठीने चार गटांत, प्रत्येकी १३. एकूण स्त्रिया १,३१,७४६. स्त्रियांची स्वतंत्र विभागणी नाही. आकडेमोडीत समूहरचना धरली आहे.
>
> काय केले: तीन गटांत प्रशिक्षित परिचारिकांनी एकदाच तपासणी केली किंवा नमुना घेतला. पॉझिटिव्ह स्त्रियांना कॉल्पोस्कोपी, बायोप्सी आणि उपचार. बोलावलेल्यांपैकी दहात सुमारे आठ आल्या. नियंत्रण गटाला आजाराची व तपासणीच्या सोयीची माहिती आणि नेहमीची सेवा.
>
> काय मोजले: गर्भाशयमुखाचा कर्करोग, त्यातला दुसऱ्या टप्प्याचा किंवा पुढचा कर्करोग, आणि या कर्करोगाने झालेले मृत्यू. भरती १९९९ ते २००३, पाठपुरावा २००७ अखेर.
>
> कोणाला मोजले: तपासणीला आलेल्या आणि न आलेल्या सर्व स्त्रिया आपापल्या गटात.
>
> तुलना: प्रत्येक तपासणी गट नियंत्रण गटाशी.
>
> कोणाला गट माहीत होता: स्त्रिया व परिचारिका यांना माहीत असणे अटळ.

‘जिल्हा सोयीने निवडला’ हे तिचे शब्द. मी ते ‘जिल्हा ठरवून घेतला’ असे करायला सांगितले, कारण सोय हे कारण आपण लेखाच्या तोंडी घालू नये.

शनिवारी काय झाले

आठजणींनी एवढेच पान वाचले. मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिले. गटांतला फरक तपासणीमुळेच पडला असे म्हणता येईल का? कोणता फरक मोजायची ताकद या रचनेत नाही? आणि हा निष्कर्ष तुमच्या तालुक्याला लागू करण्याआधी काय विचाराल?

पहिल्यावर बहुतेकींनी ‘हो’ लिहिले आणि कारणही बरोबर दिले, विभागणी चिठ्ठीने आणि मोजणी सगळ्यांची. दोघींनी लिहिले की तेराच समूह असल्याने सुरुवातीची तुलना पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हणणार नाही. सारांशात ती तुलना आलीच नव्हती. त्या दोन संध्याकाळी आम्ही इतके बोलूनही तिने ती ओळ घातली नव्हती आणि माझ्याही नजरेतून ती सुटली. पान पुरे झाल्यासारखे वाटले की असे होते.

मागच्या बाकावरच्या एकीने आणखी खोलातले विचारले. “मॅडम, बायकांना गट माहीत होता हे लिहिलंय. पण मेलेली बाई कशाने मेली हे कोणी ठरवलं? आणि चारही गटांत तसंच ठरवलं का?”

तिच्या प्रश्नामागे हिशोब होता. तपासणी गटातली बाई आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नजरेखाली असते. तिचे निदान कागदावर असते. ती गेली तर कारण ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ असे लिहिले जाते. नियंत्रण गटातली बाई अंगावरून जाते, पोटात दुखते म्हणत घरीच गेली, तर कारण ‘अशक्तपणा’ लिहिले जाऊ शकते. असे झाले तर नियंत्रण गटातले मृत्यू कमी मोजले जातील आणि तपासणीचा फायदा खऱ्याहून लहान दिसेल. उलटही होऊ शकते. कारण ठरवणाऱ्याला गट माहीत असेल आणि तपासणीवर त्याचा विश्वास असेल, तर शंकेचे मृत्यू तो तपासणी गटात दुसऱ्या कारणावर टाकेल. मग फायदा फुगेल. म्हणून मृत्यूची माहिती कुठून आली हे सारांशात हवेच. इथे ती लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीतून घेतली होती. बार्शीच्या आजूबाजूला आणि पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात अशी नोंदणी चालते. नोंदणीचे काम करणारे दवाखाने, प्रयोगशाळा, मृत्यूच्या नोंदी आणि घरभेटी यांतून रुग्ण शोधतात. ती गटांवर अवलंबून नसते हे तिचे बळ. आमच्या सारांशात ‘काय मोजले’ होते, ‘कशाने मोजले’ नव्हते. ती ओळ त्याच तासाला पानावर चढली.

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग अडखळला. व्हीआयए आणि एचपीव्ही यांत सरस कोणती, हे ही रचना सांगू शकेल, असे पाच जणींनी लिहिले होते. चार गट समोर दिसले की मन आपोआप चारही एकमेकांशी ताडू लागते. पण इथे तुलना आखली होती ती प्रत्येक तपासणीची नियंत्रण गटाशी. दोन तपासण्यांतला फरक हा तपासणी आणि तपासणी न करणे यांतल्या फरकाहून सहसा लहान असतो. तो पकडायला कितीतरी जास्त समूह लागले असते.

तिसऱ्या प्रश्नाला त्या माजी एएनएमनेच सर्वांत चांगले उत्तर दिले. ती म्हणाली, “आमच्या केंद्रात पॉझिटिव्ह बाईला कॉल्पोस्कोपीला पाठवलं तर ती तिथपर्यंत पोचेल का, ते आधी बघीन. त्यांच्याकडे मागे बार्शीचं हॉस्पिटल होतं.”

मग आम्ही निष्कर्षांचे पान उघडले. नियंत्रण गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. पुढच्या टप्प्यातले कर्करोग ८२ आणि ३९. तेवढ्यात एकीचे लक्ष एकूण कर्करोगांच्या आकड्यावर गेले. नियंत्रण गटात ११८ आणि एचपीव्ही गटात १२७. एचपीव्ही गट थोडा मोठा, म्हणजे प्रमाण जवळपास सारखेच. “तपासणी केली तिथे कर्करोग कमी का नाहीत?” तिने पान उलटून सारांश पाहिला. तिथे ‘पुढच्या टप्प्याचा कर्करोग’ वेगळा मोजल्याची ओळ होती आणि पाठपुरावा २००७ पर्यंतच असल्याचीही. तपासणी आधी लपलेले, लवकरचे कर्करोग उघडे करते, म्हणून पहिली काही वर्षे एकूण आकडा घटलेला दिसत नाही. केवळ एकूण कर्करोग हेच मोजमाप ठेवले असते तर ही तपासणी निरुपयोगी ठरली असती.

पॅप स्मिअर गटात ५४ मृत्यू होते, व्हीआयए गटात ५६. नियंत्रण गटाच्या ६४ पेक्षा कमी, पण हा फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका मोठा नाही. वहीत एकीने लगेच लिहिले, ‘व्हीआयए निकामी’. शेजारणीने सारांशातल्या ‘तुलना’ या ओळीवर बोट ठेवले. पहिलीने ते खोडले आणि लिहिले: ‘या १३ समूहांत, एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. एचपीव्हीशी तुलना नाही.’